संपादकांस पत्र : पक्ष्यांच्या पाण्याबद्दल दीडशे शब्दांत नेमके काय सांगावे?

केतकी_म

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. मराठीच्या तासाला ‘संपादकांस पत्र’ हा प्रकार शिकवून झाल्यावर तिने उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याचे आवाहन करणारे पत्र लिहिले असून, ते वहीत न राहता खरोखर वर्तमानपत्राकडे जावे, असा तिचा आग्रह आहे. त्या वर्तमानपत्राची वाचकांच्या पत्रांसाठी दीडशे शब्दांची मर्यादा आहे. पत्र तिच्याच शब्दांत खाली देत आहे.

*मा. संपादक यांस,*
*विषय : पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याबाबत.*
*महोदय,*
*सध्या उन्हाळा सुरू झाला आहे. सूर्य आग ओकत आहे. पाणी हे जीवन आहे. आपल्याला तहान लागली की आपण पाणी पितो, पण पक्ष्यांनी कुणाकडे मागावे? पक्षी हे निसर्गाचे अलंकार आहेत. तरी आपल्या लोकप्रिय दैनिकाद्वारे मी सर्व वाचकांना नम्र विनंती करते की, त्यांनी घराबाहेर एका मोठ्या खोल भांड्यात भरपूर पाणी ठेवावे, म्हणजे ते आठवडाभर पुरेल. पाण्यात थोडे ग्लुकोज घातल्यास पक्ष्यांना शक्ती मिळेल. मीही आमच्या गॅलरीत असे भांडे ठेवले आहे. त्यावर एक चिमणी येते, काठावर बसून खाली वाकून बघते आणि पाणी न पिताच उडून जाते. ती असे का करते, ते मला कळत नाही.*
*आपली विश्वासू,*

यात काय ठेवावे आणि काय गाळावे, याविषयी जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

---

जुना_खिळा

मी बरीच वर्षे एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचे पान पाहिले आहे, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. या विषयावरची पत्रे दर उन्हाळ्यात गठ्ठ्याने येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत सूर्य पहिल्या दोन ओळींतच आग ओकायला लागतो. पान लावणाऱ्याला त्या गठ्ठ्यातून एकच पत्र घ्यायचे असते आणि जागा कमी पडली, तर त्याची कात्री शेवटच्या परिच्छेदापासून वर चालते.

आता तुमच्या मुलीच्या पत्राकडे पाहा. तिने स्वतः पाहिलेली एकमेव गोष्ट, म्हणजे काठावर बसून परत जाणारी चिमणी, अगदी शेवटी आहे, म्हणजे कात्री प्रथम तिच्यावरच येणार. ती सर्वांत वर घ्या. पाणी जीवन असल्याचे आणि पक्षी अलंकार असल्याचे दोन्ही उल्लेख गेले, तरी पत्राचे काही बिघडत नाही.

---

गच्चीवाला

पत्र मला आवडले आणि त्यात गाळण्यासारखे काही आहे, असे वाटत नाही. मोठ्या भांड्याचा मुद्दा तर अगदी बरोबर आहे, कारण उथळ थाळीतले पाणी कडक उन्हात दुपारपर्यंत आटून जाते आणि नेमक्या गरजेच्या वेळी थाळी कोरडी असते. मी गच्चीवर सरळ बादलीच भरून ठेवतो आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा भरतो. ग्लुकोजचेही तसेच आहे. उन्हाने गळून गेलेल्या माणसाला आपण ते देतोच.

---

पक्षीवेल्हाळ

गच्चीवाला, उथळ थाळी लवकर आटते, हे तुमचे निरीक्षण खरे आहे, परंतु त्यावरचा तुमचा उपाय पक्ष्यांना घातक आहे. केतकीताई, तुमच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिमणी पाणी पिते ती काठावर बसून, चोच बुडवून, थोडे पाणी चोचीत घेऊन आणि मग मान वर करून. तिला पाय टेकलेल्या जागेवरून पाण्याची पातळी गाठता आली पाहिजे. खोल भांडे काठोकाठ भरलेले नसेल आणि पाणी चार बोटे खाली असेल, तर गुळगुळीत काठावरून तितके वाकणे म्हणजे आत पडण्याचा धोका पत्करणे. म्हणून ती बघते आणि निघून जाते. पारवे आणि होले यांची तऱ्हा वेगळी आहे. ते चोच पाण्यात तशीच बुडवून ठेवून एका दमात ओढून पितात, शिवाय आकारानेही मोठे असतात, त्यामुळे त्याच भांड्यातून ते आरामात पिताना दिसतील आणि आपला समज होईल की भांडे योग्य आहे. बादलीच्या बाबतीत तर नुकते उडू लागलेले पिल्लू आत पडले, की त्याला वर येता येत नाही, कारण पंख भिजले की उडता येत नाही आणि पकड घ्यायला काही नसते.

भांड्याची खोली मधोमध चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि कडेला ती त्याहून कमी असावी. पृष्ठभाग खडबडीत असावा, म्हणून मातीचे पसरट परळ धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यापेक्षा बरे. शिवाय, न चकाकवलेल्या मातीतून पाणी थोडे पाझरून बाहेरच्या अंगाने उडत राहते, त्यामुळे आतले पाणी तुलनेने गार राहते, तर उन्हातले धातूचे भांडे पाणी इतके तापवते की पक्षी त्याला चोचही लावत नाही. खोल भांडेच वापरायचे असेल, तर त्यात एक सपाट दगड असा ठेवावा की त्याचा माथा पाण्याच्या किंचित वर राहील. आटण्याचा प्रश्न सावलीने बराचसा सुटतो, पाण्याचा साठा वाढवून तो सोडवण्याची गरज नाही.

ग्लुकोज मुळीच नको. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. ते तोंड उघडून धापा टाकतात, काही पक्षी गळ्याची त्वचा भराभर थरथरवतात आणि तोंडातले व श्वासमार्गातले पाणी वाफ होऊन जाताना शरीराची उष्णता घेऊन जाते. हवा त्यांच्या शरीराइतकी, म्हणजे साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस तापली, की उष्णता बाहेर टाकण्याचा हाच मार्ग उरतो, म्हणून जाते ते पाणी आणि भरून काढायचे तेही पाणीच. उन्हात साखरेचे पाणी आंबते, त्याला मुंग्या लागतात आणि आंघोळीला उतरलेल्या पक्ष्याची पिसे चिकट होतात.

---

तिरकस

पक्षी वर्तमानपत्र वाचत नाहीत, हे त्यांचे भाग्य म्हणायचे, नाहीतर आठवडाभराच्या शिळ्या गोड पाण्याविषयी पुढच्या अंकात त्यांचेच पत्र आले असते.

---

दाणापाणी

आमच्याकडे दाण्यांसाठी वेगळी ताटली आहे. पत्रात बाजरी घालावी की तांदळाची कणी, हेही सांगितले, तर वाचकांना उपयोग होईल. भिजवलेले धान्य चालते का?

---

पक्षीवेल्हाळ

दाणापाणी, प्रश्न पाण्याचा आहे, तरी तुमच्या निमित्ताने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोरडे दाणे खाणाऱ्या चिमण्या, होले, पारवे यांना पिण्याचे पाणी जास्त लागते, कारण दाण्यांतून ओलावा जवळजवळ मिळत नाही. फळे, किडे किंवा शिकार खाणाऱ्यांना बराचसा ओलावा अन्नातूनच मिळतो. म्हणूनच बाहेर ठेवलेल्या पाण्यावर काही ठरावीक जातीच पुन्हा पुन्हा दिसतात. दाणे मात्र पाण्यापासून लांब ठेवावेत, कारण पाण्यात पडलेला दाणा फुगून कुजतो आणि त्या दिवसाचे पाणी वाया जाते.

---

अक्षरओळख

मला या चर्चेच्या मूळ हेतूविषयीच शंका आहे. मी स्वतः मुलांना मराठी शिकवते. पत्र मुलीचे आहे, परंतु पहिल्या काही प्रतिसादांतच त्यात मातीचे परळ, सेंटिमीटर आणि श्वासमार्गाचे विवेचन येऊन पोहोचले आहे. सहावीतल्या मुलीच्या सहीखाली पस्तिशीतल्या माणसाची भाषा छापून आली, तर ते पत्र तिचे राहत नाही. ‘लोकप्रिय दैनिकाद्वारे’ आणि ‘नम्र विनंती’ हे शब्द तिने मनाने घेतलेले नाहीत, हे मलाही दिसते. आमच्याकडे परीक्षेत त्यांना गुण मिळतात, म्हणून ते येतात. तरीही चुकीसकट तिचे पत्र जाऊ द्यावे, असे माझे मत आहे.

---

जुना_खिळा

अक्षरओळख, भाषेबाबत तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि सांगायचे तर पालकांनी लिहिलेले पत्र आम्हाला दुसऱ्या वाक्यातच कळत असे. ‘पर्यावरणीय संतुलन’ आले, की पत्र बाजूला. मात्र छापून येणाऱ्या पत्राला हजारो वाचक असतात. त्यात खोल भांडे, आठवड्याचे पाणी आणि ग्लुकोज असे तीन सल्ले गेले, तर काही वाचक ते अमलात आणतील. वहीत चूक राहिली, तर गुण जातो. छापील पानावर राहिली, तर तिचे परिणाम भलत्यालाच भोगावे लागतात. शब्द तिचे राहू द्यावेत आणि तपशील मोठ्यांनी तपासावा, यात मला विसंगती दिसत नाही.

---

निवांत

माझा अनुभव थोडा वेगळा असल्याने तो मांडते. मी दोन उन्हाळे असे भांडे ठेवले आणि नंतर बंद केले, कारण त्यात डासांच्या अळ्या झाल्या आणि शेजाऱ्यांनी योग्य तक्रार केली. मी पाणी अधूनमधून बदलत होते, तरीही अळ्या होतच राहिल्या. सर्व वाचकांनी घराबाहेर पाणी ठेवावे, असे आवाहन करणे म्हणजे घरोघरी डासांना आमंत्रण देणे नव्हे का? याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय हे पत्र पाठवू नये, असे मला वाटते.

---

गच्चीवाला

त्यावर सोपा उपाय आहे. पाण्यावर खाद्यतेलाचे दोन थेंब टाकावेत. तवंग धरला, की अळ्यांना श्वास घेता येत नाही.

---

पक्षीवेल्हाळ

तवंगाने अळ्या मरतात, हे खरे, आणि वापरात नसलेल्या साठ्यात तो उपाय करतातही. परंतु हे पाणी पक्ष्यांसाठी आहे. तेल पिसांना लागले, की पिसे एकमेकांना चिकटतात आणि पाणी व ऊन यांपासून मिळणारे त्यांचे संरक्षण संपते. तेल कुठलेही असो, या भांड्यात नको.

निवांत, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि ‘अधूनमधून’ या शब्दातच त्याचे उत्तर आहे. उन्हाळ्याच्या उष्णतेत अंड्यापासून डास उडून जाईपर्यंत साधारण आठवडा, फार तर दहा दिवस लागतात. त्यामुळे रोज ओतून टाकलेल्या पाण्यात डास तयार होऊच शकत नाही. पण डेंग्यू पसरवणारी डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. तिथे ती कोरडी पडली, तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा तिथवर चढले, की उबतात. नुसते पाणी ओतून नवे भरले, तर अंडी जागेवरच राहतात. म्हणून भांड्याची आतली भिंत काथ्याने किंवा घासणीने घासायला हवी. तुमच्याकडे पाणी बदलूनही अळ्या का होत राहिल्या, याचे सर्वांत संभाव्य कारण मला हेच दिसते.

---

निवांत

भिंत मी घासत नव्हते, हे खरे आहे. तरीही रोज घासण्याची शिस्त किती वाचक पाळतील, याबद्दल माझी शंका कायम आहे. पत्र वाचून भांडे ठेवणारे शंभर असतील, तर महिन्याभराने ते घासणारे किती उरतील?

---

खुरपशुवैद्य

व्यवसायाने पशुवैद्य आहे, म्हणून एक बाजू जोडतो. अस्वच्छ सामायिक पाण्यातून रोग पसरतात. कबुतरे आणि होले यांच्या घशात एका सूक्ष्म परजीवीमुळे पिवळसर, चिकट थर साचतो, त्यांना गिळता येत नाही आणि त्यांची लाळ त्याच पाण्यात मिसळते. पक्षी पिसे फुलवून सुस्त बसला आहे, चोचीभोवतीची पिसे ओली आहेत आणि घेतलेला दाणा तोंडातून पडतो आहे, असे दिसले, तर भांडे लगेच उचलावे, धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि दोन आठवडे तरी पुन्हा ठेवू नये. हा परजीवी कोरडेपणात तग धरत नाही, त्यामुळे दोन भांडी आलटून पालटून वापरणे आणि एक उन्हात वाळत ठेवणे, ही सर्वांत सोपी खबरदारी आहे.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट. उन्हाने खाली पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते आणि ओतलेले पाणी सरळ तिथे जाऊ शकते. पक्षी हवेशीर खोक्यात, सावलीत ठेवावा आणि उथळ वाटी शेजारी ठेवून दूर व्हावे. माझ्याकडे उन्हापेक्षा अशा उपचारानेच गेलेले पक्षी जास्त येतात, असे कधी कधी वाटते.

---

वळचण

जागेबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. आमच्या घरी मांजर आहे, त्यामुळे हे जवळून पाहिले आहे. भांडे दाट झुडपाला अगदी खेटून ठेवले, की मांजर झुडपात दबा धरते, आणि अगदी मोकळ्यावर ठेवले, तर पक्ष्यांना निसटून जायला आडोसा मिळत नाही. झुडपापासून दोन-तीन मीटर अंतर असावे किंवा मांजराला चढता येणार नाही अशा उंचीवर भांडे टांगावे.

---

जुना_खिळा

आता मोजणी करू या, कारण सर्वांचे म्हणणे पत्रात घातले, तर ते पुरवणी होईल. दीडशे शब्दांत एक निरीक्षण, एक कारण आणि फार तर तीन सूचना बसतात. माझ्या मते उथळ भांडे, सावली आणि रोज घासून नवे पाणी या त्या तीन. ग्लुकोजचा उल्लेखच करू नये, कारण ‘ग्लुकोज घालू नका’ हे वाचून ज्यांना ते सुचले नव्हते, त्यांनाही सुचते.

---

खुरपशुवैद्य

रोगाच्या लक्षणांना त्यात जागा नाही, हे मला पटत नाही. किमान आजारी पक्षी दिसल्यास भांडे उचलावे, एवढे एक वाक्य हवे.

---

पक्षीवेल्हाळ

वैद्य महोदय, भांडे रोज घासले जाणार असेल, तर तुमच्या वाक्याची गरज बरीच कमी होते. घासले जाणार नसेल, तर ते वाक्य असूनही फारसा उपयोग नाही.

---

केतकी_म

सर्वांचे आभार. मी तिला पुन्हा लिहायला सांगितले नाही. फक्त पक्षीवेल्हाळ यांचे चिमणीविषयीचे उत्तर वाचून दाखवले. तिने त्याच खोल भांड्यात एक सपाट दगड ठेवला, पाणी त्याच्या माथ्यापर्यंत आणले आणि भांडे कठड्यावरून उचलून सावलीच्या कोपऱ्यात ठेवले. जागा बदलल्यामुळे असेल, पण सुरुवातीला कुणीच आले नाही आणि ती हिरमुसली. नंतर चिमणी आली, दगडावर उतरली आणि तिथूनच प्यायली. त्यापुढची गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. ती त्याच पाण्यात उतरून आंघोळ करू लागली आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात पिसे, माती आणि विष्ठा जमली. भांडे रोज घासावे, हे मग तिला कुणी सांगावे लागले नाही. तिने नवे पत्र लिहिले. मी फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आहे.

*मा. संपादक यांस,*
*विषय : चिमणी पाणी का पीत नव्हती?*
*महोदय,*
*मी आमच्या गॅलरीत पक्ष्यांसाठी मोठ्या खोल भांड्यात पाणी ठेवले होते. एक चिमणी रोज काठावर बसायची, खाली बघायची आणि तशीच उडून जायची. मला वाटले, तिला तहान नसेल. पण पाणी तिच्या चोचीपासून फार खाली होते आणि तिला आत पडायची भीती वाटत होती. मी भांड्यात एक सपाट दगड ठेवला आणि भांडे सावलीत नेले. आता ती दगडावर बसून पाणी पिते. ती त्यात आंघोळही करते, म्हणून पाणी एका दिवसात घाण होते. त्यात डासही होऊ शकतात. वाचकांनी आपापल्या घराबाहेर पाणी ठेवावे, पण भांडे उथळ असावे, ते सावलीत असावे आणि रोज आतून घासून नवे पाणी भरावे. ज्यांना रोज घासायला जमणार नाही, त्यांनी शेजाऱ्यांना सांगावे किंवा भांडे ठेवू नये.*
*आपली विश्वासू,*

---

अक्षरओळख

माझा आक्षेप मी मागे घेते. विषयाच्या ओळीत प्रश्न लिहिल्याबद्दल आमच्याकडे अर्धा गुण कापला गेला असता, हे मात्र नोंदवून ठेवते.

---

निवांत

‘भांडे ठेवू नये’ हे शब्द आवाहनाच्या पत्रात वाचून बरे वाटले. माझी शंका पूर्ण गेलेली नाही, परंतु या स्वरूपात पत्र पाठवायला माझी हरकत नाही.

---

गच्चीवाला

बादलीत विटा रचून वर उथळ थर ठेवला, तर चालेल का? साठाही राहील आणि उभे राहायला जागाही.

---

पक्षीवेल्हाळ

पिल्लू बुडण्याचा धोका कमी होईल, परंतु विटांच्या फटींतले पाणी रोज कसे बदलणार आणि बादलीची भिंत कशी घासणार? तुम्ही ते करत असाल, तर चालेल. मला ते अवघड दिसते.

---

जुना_खिळा

शेवटचे वाक्य कात्रीत जाण्याची शक्यता आहे आणि ते जाऊ नये, असे मला वाटते, म्हणून ते ‘रोज आतून घासून नवे पाणी भरावे’ याला जोडून एकच वाक्य करावे, म्हणजे कापणे अवघड होते.

पाठवताना वहीच्या पानाचे छायाचित्र न पाठवता मजकूर ईमेलमध्ये टंकून पाठवा, कारण पुन्हा टंकावे लागणारे पत्र मागे पडते. मुलीचे नाव आणि इयत्ता लिहा. पत्ता व तुमचा दूरध्वनी क्रमांक पडताळणीसाठी वेगळा द्या आणि तो छापू नये, असे स्पष्ट लिहा. तेच पत्र एकाच वेळी दुसऱ्या दैनिकाला पाठवू नका. पंधरवड्यात आले नाही, तर मग खुशाल दुसरीकडे पाठवा, फक्त तोवर पाऊस सुरू झालेला नसावा.